कांड्या पूर्ण, वेग अर्धा

दुकानात गेलात तर वायफाय एक्स्टेंडरच्या खोक्यावर सगळ्यात ठळक दिसतो तो आकडा: ३०० एमबीपीएस. घरातलं कनेक्शन शंभरचं, त्यामुळे गिऱ्हाइकाला वाटतं की तिप्पट ताकदीची वस्तू दीड हजाराच्या आसपास मिळते आहे, मग सोडायची कशाला? घरी आल्यावर ती वरच्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये, जिथे नेट रडतं तिथेच, प्लगमध्ये खोचली जाते. फोनवर वायफायच्या कांड्या पूर्ण भरतात, घरात आनंदीआनंद होतो. मग मुलगा स्पीड टेस्ट लावतो आणि आकडा येतो बावीस. नेटवाल्याला फोन जातो. त्याचा माणूस येतो, खाली हॉलमध्ये राउटरला केबलने लॅपटॉप जोडून शंभर दाखवतो आणि ‘साहेब, लाइन ओके आहे’ म्हणून निघून जातो.

त्याचं काही चुकलेलं नसतं. लाइन खरंच ओके असते. एक्स्टेंडरही बिघडलेला नसतो. तो ज्या पद्धतीने काम करतो, त्या पद्धतीतच निम्मा वेग जातो, आणि ही गोष्ट खोक्यावर कुठेच छापलेली नसते.

आधी तो ३०० चा आकडा बाजूला करू. हा आकडा दोन रेडिओंमधल्या जोडणीचा कागदावरचा कमाल वेग असतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर, दोन अँटेना आणि ४० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनेल मिळाला तर ३००. पण शहरी वस्तीत शेजारपाजारचे दहा-पंधरा राउटर त्याच पट्ट्यावर बोलत असतात. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. एवढ्या दाटीत ४० ची रुंदी मिळणं कठीण, म्हणून यंत्रं २० वर उतरतात आणि कागदावरचा आकडाच १४४ होतो. त्यातूनही प्रत्येक पाकिटामागची पोच, आपली पाळी येईपर्यंतची थांबाथांब आणि हरवलेली पाकिटं पुन्हा पाठवणं यात बराच वेळ जातो. राउटरच्या समोर, त्याच खोलीत बसूनही या पट्ट्यावर हातात सत्तर-ऐंशी एमबीपीएस पडले तर नशीब चांगलं म्हणायचं. शिवाय स्वस्त एक्स्टेंडरला केबलसाठी जे भोक असतं ते बहुतेक वेळा शंभर एमबीपीएसचंच असतं. यंत्राचा मेंदू ३०० ची अपेक्षा ठेवून बनवलेलाच नसतो.

आता निम्मं होण्याचं मूळ. स्वस्त एक्स्टेंडरमध्ये रेडिओ एकच असतो, आणि वायफायचा रेडिओ एका वेळी एकतर ऐकतो किंवा बोलतो. दोन्ही एकदम त्याला जमत नाही. जिन्यात उभं राहून खालचे निरोप वर पोचवणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. खालून आई म्हणते, ‘पानं वाढली आहेत, या.’ तो आधी ते पूर्ण ऐकून घेतो आणि मग तेच वाक्य वर ओरडून सांगतो. त्याचं ओरडणं चालू असताना आईने पुढचं वाक्य सुरू केलं तर ते त्याला ऐकू येणार नाही, म्हणून आईला गप्प राहावं लागतं. प्रत्येक वाक्य घरात दोनदा बोललं जातं. एका तासात जेवढं बोलणं झालं असतं त्याच्या निम्मंच होतं.

एक्स्टेंडर नेमकं हेच करतो. राउटरकडून आलेलं पाकीट आधी स्वतः घेतो, मग त्याच चॅनेलवर तुमच्या फोनकडे पुन्हा सोडतो. फोनकडून जाणारं पाकीटही तसंच. हवेतला वेळ, ज्याला या धंद्यातले लोक एअरटाइम म्हणतात, प्रत्येक पाकिटामागे दुप्पट खर्च होतो. यंत्र कितीही चांगलं बनवलं तरी एका रेडिओवर आणि एका चॅनेलवर यातून सुटका नाही.

निम्मं हीसुद्धा चांगली परिस्थिती झाली. एक हिशेब करून पाहू. घर नेहमीचंच: खाली हॉल, स्वयंपाकघर आणि एक खोली, वर दोन बेडरूम आणि गच्ची. राउटर हॉलमध्ये टीव्हीशेजारी, कारण फायबरवाल्याने समोरच्या खिडकीतून वायर आत घेतली. अभ्यासाची खोली वर, मागच्या बाजूला, म्हणजे राउटरपासून अगदी तिरकी. त्या खोलीत थेट राउटरवरून दहा-बारा एमबीपीएस येतात. एक्स्टेंडर त्याच खोलीच्या दाराशी लावला. राउटर ते एक्स्टेंडर हा टप्पा स्लॅब आणि भिंतींमधून जातो, म्हणून तिथे ३० मिळतात असं धरू. एक्स्टेंडर ते फोन हा टप्पा एकाच खोलीतला, त्याला, हवा मोकळी आहे असं समजून, अगदी सढळ हाताने ९० देऊ. आता ९० मेगाबिटची फाइल फोनवर आणायची आहे. पहिल्या टप्प्याला लागले तीन सेकंद, दुसऱ्याला एक, एकूण चार. नव्वदाला चाराने भागा: साडेबावीस. मुलाच्या स्पीड टेस्टमधले ते बावीस हेच.

त्याच एक्स्टेंडरला खोलीतून काढून जिन्याच्या वरच्या टोकाला आणलं. राउटरचा सिग्नल तिथे चांगला, म्हणून पहिला टप्पा ६० चा झाला. फोन आता थोडा लांब, दुसरा टप्पाही ६० वर आला. दीड सेकंद अधिक दीड सेकंद, एकूण तीन. वेग ३०. फोनवरची एक कांडी कमी झाली आणि वेग एक तृतीयांशाने वाढला. दोन टप्प्यांमधला जो मंद, तोच सगळा हिशेब बुडवतो. वर आकडे मी सोपे म्हणून घेतले आहेत, पण भागाकार खऱ्या घरात असाच चालतो.

कांड्यांवर विश्वास ठेवू नका, असं मी म्हणतो ते यासाठी. फोनवरच्या कांड्या फक्त फोन आणि एक्स्टेंडर यांच्यातलं अंतर सांगतात. एक्स्टेंडर आणि राउटर यांच्यात काय चाललं आहे याची फोनला कल्पना नसते. जिथे नेट येत नाही तिथे एक्स्टेंडर लावणं ही सगळ्यात जास्त घडणारी चूक आहे आणि कांड्या तिला शाबासकी देतात. जिथे नेट अजून बरं येतं आहे, पण त्यापुढे येत नाही, अशा उंबरठ्यावर तो लागला पाहिजे.

आणखी एक गोष्ट घरात सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. एक्स्टेंडर लावल्यावर खाली हॉलमध्ये बसलेल्यांचाही वेग घटतो. वरच्या मुलाचा व्हिडिओ तोच चॅनेल दोनदा वापरतो आहे, तेवढा वेळ त्या चॅनेलवर खालच्या टीव्हीला गप्प बसावं लागतं. वरच्या खोलीची तक्रार मिटवायला गेलं आणि खालची सुरू झाली, असं होतं ते यामुळे. मग लोक नेटवाल्याकडे जाऊन शंभरचा प्लॅन दोनशेचा करतात. रस्ता घरातच अरुंद आहे, बाहेरचा रुंद करून काही फरक पडत नाही.

पाचशे-हजार रुपये जास्त घातले की दोन पट्ट्यांचा एक्स्टेंडर मिळतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही असलेला. त्यात रेडिओ दोन. एका रेडिओने राउटरशी बोलायचं आणि दुसऱ्याने फोनशी, असं केलं तर ऐकणं आणि बोलणं एकाच वेळी चालतं आणि निम्म्याची कटकट संपते. पण पेच असा की दोन्हींपैकी एक टप्पा २.४ वर राहतोच, आणि त्या पट्ट्याची ऐपत आपण वर पाहिली. म्हणजे निम्मं झालं नाही तरी पन्नास-साठच्या आसपास छप्पर येतं. दुसरा मार्ग म्हणजे दोन्ही टप्पे ५ गिगाहर्ट्झवर ठेवायचे. मग पुन्हा निम्मं, पण निम्मं कशाचं ते महत्त्वाचं. जिन्याच्या टोकाशी ५ गिगाहर्ट्झवर दोनशे मिळत असतील तर निम्मे शंभर, आणि प्लॅन शंभरचाच असेल तर तुम्हाला काहीच गमावल्यासारखं वाटणार नाही. हा मुद्दा मेशच्या जाहिरातींमध्ये सोयीस्करपणे गाळलेला असतो. तुमचा प्लॅन चाळीस किंवा शंभरचा असेल, तर योग्य जागी लावलेला दोन पट्ट्यांचा एक्स्टेंडर पुरतो. एकाच पट्ट्याचा मात्र, कितीही स्वस्त मिळाला तरी, घेऊ नका.

योग्य जागा म्हणजे कुठली? दोन मजली घरात खरा शत्रू अंतर नसतो, स्लॅब असतो. पाच इंची काँक्रीट, त्यात सळ्यांची जाळी, वर फरशीखालचा कोबा. सिग्नल सरळ वर गेला तर एवढंच ओलांडावं लागतं, पण तिरका गेला तर त्याच स्लॅबमधून जास्त जाडी कापत जातो आणि वाटेत नऊ इंची भिंतीही लागतात. कोकणातल्या जांभ्या दगडाच्या जुन्या घरांच्या भिंती तर याहूनही जाड असतात. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल यात २.४ पेक्षा जास्त दमतो. पण प्रत्येक दोन मजली घराच्या स्लॅबला एक मोठं भोक असतं: जिना. सिग्नलचा बराच भाग वर येतो तो जिन्याच्या पोकळीतून. म्हणून एक्स्टेंडर असो वा मेशचा वरचा डबा, त्याची पहिली पसंतीची जागा जिन्याचं वरचं टोक. अडचण एवढीच की आपल्याकडे तिथे प्लग पॉइंट नसतो. एक पॉइंट काढून घेणं हे नवं यंत्र घेण्यापेक्षा पुष्कळदा जास्त उपयोगी पडतं.

जागा डोळ्यांनी ठरवू नका. अँड्रॉइड फोनवर वायफायचा सिग्नल आकड्यात दाखवणारी फुकट ॲप्स आहेत. आकडा उणे असतो आणि एकक डीबीएम. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६५ पर्यंत काम चांगलं चालतं, उणे ७५ च्या पुढे रडारड सुरू. राउटरला जोडलेला फोन घेऊन जिना चढत जा आणि उणे ६० ते ६५ जिथे दिसेल तिथे थांबा. एक्स्टेंडर तिथे.

लावल्यावर तो निम्मं करतो आहे की त्याहून वाईट काही, हेही घरबसल्या कळतं. राउटर आणि एक्स्टेंडर यांची वायफायची नावं तात्पुरती वेगळी ठेवा. बरेच एक्स्टेंडर स्वतःच नावापुढे `_EXT` जोडतात. एक्स्टेंडरच्या शेजारी उभं राहून आधी राउटरच्या नावाला जोडून स्पीड टेस्ट करा. दोन-तीन वेळा करा आणि मधला आकडा धरा. मग पाय न हलवता एक्स्टेंडरच्या नावाला जोडून तसंच करा. पहिला आकडा ६० आणि दुसरा ३० आला तर यंत्र ठीक आहे, त्याचा स्वभावच तो. दुसरा आकडा निम्म्याच्याही खूप खाली असेल तर गर्दीचा चॅनेल किंवा यंत्राची कमकुवत बांधणी यांच्यावर संशय घ्या. आणि पहिलाच आकडा पंधरा असेल तर जागा चुकली आहे. राउटरकडूनच पंधरा येत असताना एक्स्टेंडर पन्नास कुठून आणणार? एक सावधगिरी: दोन्ही आकडे तुमच्या प्लॅनएवढेच आले तर निम्मं होत नाही असं नाही, प्लॅन लहान असल्यामुळे ते दिसत नाही एवढंच.

आता मेश. घरगुती मेशचे डबे बाजारात आले ते २०१६ च्या सुमारास, अमेरिकेत ईरो आणि गूगल वायफाय यांच्यापासून, आणि तेव्हापासून मेश म्हणजे काहीतरी वेगळ्या जातीची लहर असा समज पसरला. लहर तीच आहे. मेशमध्ये दोन किंवा तीन डबे एकाच व्यवस्थेखाली चालतात: नाव एक, पासवर्ड एक, कोणता डबा कोणाशी कोणत्या पट्ट्यावर बोलेल हे ते आपसात ठरवतात, आणि फोनवरच्या एका ॲपमधून सगळं दिसतं. एक्स्टेंडर हा राउटरच्या नकळत त्याच्या पाठीमागे उभा राहिलेला परका असतो. मेशचे डबे एकमेकांना ओळखतात. फरक मोठा आहे, पण तो व्यवस्थेतला आहे.

हवेतल्या वेळेचा हिशेब मेशलाही चुकत नाही. दोन पट्ट्यांच्या मेशमध्ये खालचा डबा आणि वरचा डबा एकमेकांशी ५ गिगाहर्ट्झवर बोलतात आणि तुमचा फोनही वरच्या डब्याशी त्याच रेडिओवर, त्याच चॅनेलवर बोलतो. म्हणजे निम्मं इथेही होतं. दहा हजारांचा डबा आहे म्हणून ते टळत नाही. मेश चांगला वाटतो तो बहुतेक वेळा यासाठी की त्याचे रेडिओ दमदार असतात. डब्याडब्यांत चारशे मिळाले तर निम्मे दोनशे राहतात, आणि दोनशे एमबीपीएसमध्ये दोन मजल्यांचं घर सुखाने नांदतं. पण डबे तीन घेऊन ओळीने एकापुढे एक लावले, तर तिसऱ्याकडे पोचेपर्यंत तेच पाकीट हवेत तीनदा जातं आणि वेग तिसऱ्या हिश्श्यावर येतो. दोन मजल्यांच्या साध्या घराला तीन डब्यांची गरज नसते. दुकानदार तीनचा संच ‘ऑफरमध्ये’ देतो तेव्हा हे लक्षात ठेवा.

ट्राय-बँड म्हणून जो महाग मेश मिळतो, त्यात तिसरा रेडिओ असतो आणि तो डब्याडब्यांतल्या बोलण्यासाठीच राखून ठेवता येतो. अशा जोडणीला बॅकहॉल म्हणतात. राखीव बॅकहॉल असला की निम्मं होणं जवळजवळ संपतं. फक्त तिसरा पट्टा कोणता आहे ते विचारून घ्या. तो ५ गिगाहर्ट्झचाच दुसरा भाग असेल तर ठीक. ६ गिगाहर्ट्झचा असेल तर स्लॅबमधून तो आणखी कमी जातो आणि राखीव रस्ताच अडतो.

मेशचा खरा फायदा फोन घेऊन घरात फिरताना कळतो. व्हिडिओ कॉलवर बोलत तुम्ही जिना चढता. एक्स्टेंडर असेल तर फोन खालच्या राउटरला चिकटून राहतो, अगदी सिग्नल मरेपर्यंत, आणि मग कॉल गोठतो. कोणत्या यंत्राला जोडायचं हा निर्णय वायफायमध्ये फोन घेतो, राउटर नाही. आयफोन उदाहरणार्थ सिग्नल उणे ७० च्या खाली गेल्यावरच दुसरं काही शोधायला लागतो. मेशचे डबे फोनला शेजारच्या डब्याची यादी देऊ शकतात, ‘तिकडे जा’ असं सुचवू शकतात आणि नव्या डब्यावर ओळख पटवायला लागणारा वेळ कमी करू शकतात. फोनने हे ऐकलं तर जिना चढताना कॉल तुटत नाही. जुन्या फोनला ही भाषा समजत नाही, आणि मग मेशमध्येही तो चिकटून राहतो. एका जागी बसून टीव्ही किंवा लॅपटॉप वापरणाऱ्याला या सोयीचं काही मोल नाही. दिवसभर फोनवर बोलत वर-खाली करणाऱ्याला आहे.

मेश लावताना हटकून होणारा एक घोळ सांगतो. नेटवाल्याने दिलेला डबा स्वतःच राउटर असतो आणि त्याचं वायफाय चालूच राहतं. त्याला मेश जोडला की घरात दोन राउटर, दोन वायफाय. घरातले फोन जुन्या नावाला जोडलेले असतात, ते तिथेच राहतात आणि ‘मेश घेऊन काही फरक पडला नाही’ असा निष्कर्ष निघतो. नेटवाल्याच्या डब्याचं वायफाय बंद करा आणि मेशला त्याच्या ॲपमधून ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका. मग घरात राउटर एकच राहतो, आणि प्रिंटर सापडत नाही, कॅमेरा दिसत नाही या तक्रारीही येत नाहीत.

इतकं सगळं सांगितल्यावर माझं मत सरळ आहे. दोन मजल्यांच्या घराला एक्स्टेंडर की मेश, या प्रश्नाच्या आधी दोन प्रश्न विचारायला हवेत. पहिला: राउटर हलवता येतो का? तो हॉलच्या कोपऱ्यात टीव्हीमागे बसला आहे तो फायबरवाल्याच्या सोयीने. त्याच माणसाला बोलावून फायबर जिन्याजवळ, शक्य असेल तर घराच्या मध्यावर आणून घ्या. राउटर टीव्हीच्या मागून, लोखंडी कपाटाशेजारून काढून उघड्यावर, डोक्याच्या उंचीला ठेवा. लहान घरांत एवढ्यानेच खरेदी टळते.

दुसरा प्रश्न: वर एक केबल नेता येते का? कारण केबल आली की हवेतला दुसरा टप्पाच नाहीसा होतो. कॅट-६ केबल शंभर मीटरपर्यंत एक गिगाबिट, म्हणजे हजार एमबीपीएस नेते, आणि ती ऐकणं-बोलणं एकाच वेळी करते. वरच्या टोकाला मेशचा डबा लावला तर तो केबल ओळखून आपला बॅकहॉल तिच्यावर टाकतो. मेश नसेल तर माळ्यावर पडलेला जुना राउटरही चालतो. तो लॅपटॉपला जोडून त्याच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड आहे का पाहा. नसेल तर हाताने करता येतं: मुख्य राउटरचा पत्ता `192.168.1.1` असेल तर याचा `192.168.1.2` करा आणि याचं DHCP बंद करा, म्हणजे पत्ते वाटण्याचं काम मुख्य राउटरकडेच राहील. वायफायचं नाव आणि पासवर्ड खालच्यासारखेच ठेवा, पण २.४ चा चॅनेल वेगळा: खाली १ असेल तर वर ६ किंवा ११. केबल दोन्हीकडे लॅनच्या भोकात लावा, वॅनच्या नाही. झालं. वरच्या खोलीत आता त्या राउटरचा पूर्ण वेग मिळतो, आणि हा जुगाड पुष्कळदा महागड्या बिनतारी मेशला मागे टाकतो.

केबल घेताना तांब्याची घ्या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल बाजारात भरपूर आहे. ती लवकर तुटते आणि लांबवर दम सोडते. कनेक्टर बसवल्यावर जोडणी १००० ऐवजी १०० दाखवत असेल तर आतल्या चार जोड्यांपैकी एखादी नीट दाबली गेलेली नाही. तो कनेक्टर कापून नवा बसवायचा. बाहेरच्या भिंतीवरून न्यायची असेल तर उन्हापावसात टिकणारी बाहेरची केबल घ्या, आणि विजेच्या वायरच्या पाइपात ती घालू नका.

केबल नेणं खरंच अशक्य असेल, भाड्याचं घर असेल किंवा घरमालक भिंतीला हात लावू देत नसेल, तर निर्णय प्लॅनवर सोडा. शंभरपर्यंत दोन पट्ट्यांचा एक्स्टेंडर. दोनशे-तीनशेचा प्लॅन असेल किंवा घरात चालता-बोलता कॉल होत असतील तर दोन डब्यांचा मेश, एक हॉलमध्ये आणि एक जिन्याच्या टोकाला. त्याहून मोठा प्लॅन घेऊन तो हवेतूनच वर न्यायचा हट्ट असेल तर ट्राय-बँडचे पैसे मोजा. कोणताही पर्याय घेतलात तरी वरचा डबा इन्व्हर्टरवर असलेल्या पॉइंटलाच लावा, नाहीतर लाइट गेल्यावर खालचा राउटर चालू आणि वरचा बंद, आणि वर बसलेल्याला वाटतं नेट गेलं.

आणि घर अजून बांधायचं असेल, किंवा वरचा मजला चढवायचा असेल, तर स्लॅब पडण्याच्या आधी इलेक्ट्रिशियनला गाठा. हॉलमधल्या राउटरच्या जागेपासून वरच्या जिन्याच्या टोकापर्यंत एक इंची पाइप, विजेच्या पाइपापेक्षा वेगळा, आत ओढदोरी टाकून, असं त्याला स्पष्ट सांगा. तो म्हणेल, ‘कशाला साहेब, आता सगळं वायफायवर चालतं.’ त्याचं ऐकू नका.